सोन्याचं केंद्रक तीस फेम्टोमीटरचं नाही

*मॅडम, मी बारावी सायन्सला आहे, नारायणगावला राहतो. चाचणी परीक्षेत ‘डिस्टन्स ऑफ क्लोजेस्ट अप्रोच’चं गणित होतं. उत्तर 30 fm आलं आणि मी खाली लिहिलं, ‘म्हणून सोन्याच्या केंद्रकाची त्रिज्या 30 fm.’ मार्क कापला. सर म्हणाले, अल्फा कण केंद्रकाला लागलाच नव्हता. मग लागलाच नाही तर तो परत कशामुळे फिरला? त्याच तासाला सर असंही म्हणाले की बोरचं मॉडेल चुकीचं आहे. पण हायड्रोजनची सगळी गणितं तर त्यानेच बरोबर येतात! चुकीच्या मॉडेलने बरोबर उत्तर कसं येतं? आठवडा झाला, डोक्यातून जात नाही.*

*— बारावीतला एक विद्यार्थी*

मार्क कापला ते बरोबरच झालं, पण तुझं गणित चुकलेलं नाही. शेवटचं एक वाक्य चुकलंय. मी बरीच वर्षं बारावीचे पेपर तपासले आहेत आणि हेच वाक्य मी लाल पेनाने इतक्या वेळा खोडलंय की तुझं पत्र वाचताना माझा हात आपोआप पेनाकडे गेला.

आधी ते गणित पुन्हा समोर घे. अल्फा कणावर दोन प्रोटॉनइतका प्रभार, सोन्याच्या केंद्रकावर ७९. दोन्ही धन, म्हणून एकमेकांना ढकलतात. कण थेट केंद्रकाच्या रोखाने निघाला की चढावर फेकलेल्या चेंडूसारखा त्याचा वेग कमी कमी होत जातो. सगळी गतिज ऊर्जा त्या ढकलण्याविरुद्ध खर्च झाली की तो क्षणभर थांबतो आणि आल्या वाटेने मागे फिरतो. तो जिथे थांबला ते अंतर तू काढलंस:

```
d = (2 × 79 × 1.44 MeV·fm) / (7.7 MeV) ≈ 29.5 fm
```

७.७ एमईव्ही ही त्या काळी वापरल्या जाणाऱ्या, रेडियमपासून मिळणाऱ्या सगळ्यात वेगवान अल्फा कणांची ऊर्जा. आता याच सूत्रात ७.७ च्या जागी १० घाल. उत्तर येतं सुमारे २३. वीस घाल, साडेअकरा येतं. सोनं तेच, केंद्रक तेच, तरी उत्तर बदलतंय. केंद्रकाची त्रिज्या आपण त्याच्यावर किती वेगाने कण सोडला यावर कशी ठरेल? म्हणजे हे अंतर केंद्रकाचं नाही, त्या कणाच्या आवाक्याचं आहे. कण इथवर आला आणि इथवर त्याला फक्त विद्युत प्रतिकर्षणच जाणवलं, एवढंच ते सांगतं. केंद्रक काहीही असो, ते याच्या आत आहे. सोन्याच्या केंद्रकाची खरी त्रिज्या सुमारे सात फेम्टोमीटर आहे. कण स्वतःही दीड-दोन फेम्टोमीटरचा आहे हे धरलं तरी दोघांमध्ये वीस फेम्टोमीटरहून जास्त मोकळी जागा राहिली होती.

तुझ्या ‘परत कशामुळे फिरला’ या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं. परत फिरायला टक्कर लागत नाही. दोन लोहचुंबकांचे सारखे ध्रुव एकमेकांवर दाबून बघ, एकमेकांना न शिवता ते हाताला मागे ढकलतात. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत बाण मधल्या ठिपक्यावर आपटून उलटा फिरलेला दिसतो आणि तेच चित्र डोक्यात बसतं. ती आकृती मापात काढायची ठरवली तर ठिपका दिसणारच नाही.

मग रदरफोर्डने नेमकं काय दाखवलं? त्याने केंद्रकाचा आकार मोजला नाही. अणूच्या मधला मोठा प्रभार आणि जवळजवळ सगळं वस्तुमान एका अत्यंत लहान जागेत एकवटलंय, हे त्याने दाखवलं. अणूची त्रिज्या तीस फेम्टोमीटरच्या पाच हजार पट आहे. या एका गोष्टीसाठी लागलेली मेहनत बघण्यासारखी आहे, म्हणून थोडं थांबून सांगते.

मॅंचेस्टरमधली रदरफोर्डची प्रयोगशाळा, १९०९. गायगर आणि त्याच्याबरोबर काम करणारा वीस वर्षांचा विद्यार्थी मार्सडेन. अल्फा कण झिंक सल्फाइडच्या पडद्यावर पडला की बारीकशी चमक उठते. ती उघड्या डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकातून बघावी लागते. त्याआधी अंधाऱ्या खोलीत डोळे अंधाराला सरावेपर्यंत बसून राहायचं आणि मग एकेक चमक मोजायची. धातूच्या पत्र्यावरून कण मागच्या बाजूला येतात का, एवढंच त्यांना बघायचं होतं, आणि कण येत होते. प्लॅटिनमच्या पत्र्यावर पडलेल्या सुमारे आठ हजार कणांमागे एक कण मागे फिरत होता.

इथे एक शंका कुणालाही येईल. कण शेकडो अणूंना थोडा थोडा घासत गेला असेल, प्रत्येक वेळी थोडा वळला असेल, आणि बेरीज होऊन पूर्ण उलटा फिरला असेल. ही शंका खोडल्याशिवाय केंद्रकाबद्दल एक अक्षरही बोलता येत नाही. पातळ सोन्याच्या वर्खातून जाताना कण साधारण एक अंशाच्या आसपास वळतो, हे गायगरने मोजलं होतं. असे छोटे धक्के कधी डावीकडे तर कधी उजवीकडे बसतात, म्हणून त्यांची बेरीज फार हळू वाढते. त्यातून नव्वद अंशांच्या पुढे जाण्याची शक्यता इतकी नगण्य आहे की आठ हजारांत एक हा आकडा त्याच्यापुढे प्रचंड ठरतो. तेव्हा मोठं वळण एकाच अणूपाशी, एकाच झटक्यात बसलं असलं पाहिजे. आणि एवढा झटका द्यायचा तर प्रभार फार लहान जागेत हवा. अणूभर पसरलेल्या पातळ प्रभाराला ते जमणार नाही. रदरफोर्डने हे १९११ मध्ये मांडलं आणि असा एकवटलेला प्रभार असेल तर कोणत्या कोनात किती कण दिसायला हवेत याचं सूत्र दिलं. कणांची संख्या sin⁴(θ/2) च्या व्यस्त प्रमाणात असते, हे ते सूत्र तुझ्या पुस्तकातही आहे.

ते सूत्र खरं की नाही, हे गायगर आणि मार्सडेन यांनी १९१३ मध्ये तपासलं. सोन्याचे त्यांचे दोन आकडे देते, तूच पडताळून बघ. १२० अंशांना त्यांना ५१.९ चमका मिळाल्या आणि ६० अंशांना ४७७. सूत्राप्रमाणे १२० अंशांसाठी 1/sin⁴(θ/2) ची किंमत १.७८ आणि ६० अंशांसाठी १६. पहिला भागाकार २९.२, दुसरा २९.८. कोन निम्म्यावर आला, चमका नऊपट वाढल्या, तरी भागाकार जागचा हलला नाही. पंधरा अंशांना तर एक लाख बत्तीस हजार चमका होत्या आणि तिथे भागाकार ३८ च्या पुढे गेला. पण संख्या हजारोपट वाढली असताना भागाकारात एवढाच फरक पडावा, तोही डोळ्यांनी एकेक चमक मोजून, हे मला आजही नवल वाटतं. वर्खाची जाडी बदलूनही त्यांनी पाहिलं. जाडी दुप्पट केली की मोठ्या कोनात वळलेले कणही त्याच प्रमाणात वाढत. एकाच अणूपाशी झटका बसतो याची ती खूण आहे. छोट्या धक्क्यांची बेरीज असती तर हे प्रमाण वेगळं आलं असतं.

या सूत्रात प्रभाराचा वर्ग येतो, हे तुझ्या लक्षात आलंय का? वर्ग केला की चिन्ह जातं. मधला प्रभार ऋण असता, तर अल्फा कण त्याच्याभोवती वळसा घालून धूमकेतूसारखा मागे आला असता, आणि कोनाकोनातली संख्या हीच आली असती. म्हणून १९११ च्या त्या लेखात रदरफोर्डने चिन्हाचा निकाल दिलेला नाही. तो धन प्रभार धरून चालला, पण हे मोजणीवरून सिद्ध झालं असं त्याने म्हटलं नाही. प्रयोगाने जे सांगितलं तेवढंच बोलायचं म्हणजे काय, ते मी वर्गात नेहमी याच उदाहरणावरून सांगते.

मग केंद्रकाला खरोखर हात लागला कधी? सूत्र मोडलं तेव्हा. सोन्याऐवजी अॅल्युमिनियम घे, प्रभार फक्त १३. तेच ७.७ एमईव्हीचे कण. वरच्या सूत्राने अंतर ४.९ फेम्टोमीटर येतं. अॅल्युमिनियमचा अणू हलका, धक्क्याने तोही थोडा मागे सरतो. तो हिशेब धरला तर साडेपाचच्या आसपास. केंद्रकाची त्रिज्या साडेतीनच्या वर, कणाची जवळपास दोन. बेरीज करून बघ, दोघं आता एकमेकांना टेकले. केंब्रिजमध्ये बीलरने १९२४ मध्ये अॅल्युमिनियमवर मोजणी केली, तेव्हा मोठ्या कोनांत येणारे कण सूत्रापेक्षा कमी भरले. जिथे मोजलेली संख्या सूत्राला सोडून जाते, तिथे विद्युत प्रतिकर्षणाशिवाय दुसरं एक बल जागं झालेलं असतं. त्याला आपण आज प्रबल बल म्हणतो. म्हणजे सूत्र जुळलं तेव्हा केंद्रक किती लहान आहे याची मर्यादा कळली, आणि सूत्र फसलं तेव्हा त्याचा आकार कळायला लागला. हे एकदा डोक्यात बसलं की तो मार्क पुन्हा जाणार नाही.

आता बोर. वरच्या सगळ्यात मी इलेक्ट्रॉनचं नाव घेतलं नाही, कारण या प्रयोगाला इलेक्ट्रॉन जवळजवळ दिसतच नाहीत. अल्फा कण इलेक्ट्रॉनपेक्षा सात हजारपटींहून जड. बैलगाडीच्या चाकाखाली ज्वारीचा दाणा आला तर गाडी वळत नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉन कुठे आहेत आणि ते केंद्रकात कोसळत का नाहीत, याबद्दल रदरफोर्डकडे उत्तर नव्हतं. फिरणारा इलेक्ट्रॉन जुन्या नियमांप्रमाणे प्रकाश सोडत सोडत एका सेकंदाच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी वेळात आत पडायला हवा. बोरने १९१३ मध्ये फर्मान काढल्यासारखं सांगितलं की काही ठरावीक वर्तुळांत तो प्रकाश सोडत नाही, आणि ही वर्तुळं कोनीय संवेगावरून ठरतात. का, ते त्याने सांगितलं नाही. पण उत्तर आलं −१३.६/n² इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि हायड्रोजनच्या रेषा जागच्या जागी बसल्या.

तुझा खरा प्रश्न इथेच आहे. चुकीच्या चित्रातून बरोबर आकडा कसा आला? याचं उत्तर कूलंबच्या नियमात आहे. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असलेलं बल हे गणिताच्या दृष्टीने फार विशेष बल आहे. १९२६ मध्ये श्रोडिंजरने इलेक्ट्रॉनला लहर मानून हायड्रोजन सोडवला. वर्तुळं गेली, कक्षा गेल्या, पण ऊर्जा आली तीच, −१३.६/n². आणि जवळपास त्याच सुमारास, १९२८ मध्ये, मॉट आणि गॉर्डन यांनी अल्फा कणालाही लहर मानून रदरफोर्डचं विखुरण पुन्हा काढलं. सूत्र आलं तेच, शेवटच्या घातापर्यंत तेच. रदरफोर्डने कणांना नेमबाजीच्या गोळ्यांसारखं वागवलं होतं आणि बोरने इलेक्ट्रॉनला ग्रहासारखं. दोन्ही चित्रं अपुरी होती. पण कूलंबचं बल असं आहे की या दोन प्रश्नांत जुनं आणि नवं गणित एकाच आकड्यावर येतं. दुसरं कुठलंही बल असतं तर रदरफोर्डच्या हाती चुकीचं सूत्र लागलं असतं.

ही सवलत संपते कधी? दुसरा इलेक्ट्रॉन आला की. हेलियम घे. हे गणित तुझ्या अभ्यासक्रमात नाही, पण दहा मिनिटांत होतं.

बोरच्या पद्धतीने दोन इलेक्ट्रॉन एकाच वर्तुळावर समोरासमोर ठेव. केंद्रकावर प्रभार दोन. प्रत्येक इलेक्ट्रॉनला केंद्रक 2/r² इतक्या जोराने ओढतं. समोरचा इलेक्ट्रॉन 2r अंतरावर आहे, म्हणून तो 1/(4r²) इतकं बाहेर ढकलतो. वजा केलं की उरलं १.७५. म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉन जणू १.७५ प्रभाराच्या केंद्रकाभोवती फिरतोय. पुढचं सगळं हायड्रोजनसारखंच:

```
2 × 13.6 × (1.75)² = 83.3 eV
```

दोन्ही इलेक्ट्रॉन काढून टाकायला एवढी ऊर्जा लागेल. एक काढल्यावर उरतो तो एका इलेक्ट्रॉनचा हेलियम आयन, आणि तिथे बोर बरोबर आहे: १३.६ × ४ = ५४.४. दोन्हींतला फरक म्हणजे पहिला इलेक्ट्रॉन काढायची ऊर्जा, २८.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट. प्रयोगात मोजलेली ऊर्जा आहे २४.६.

चार इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा जास्त चूक! हायड्रोजनच्या रेषा ज्या अचूकतेने जुळत होत्या, तिच्यापुढे ही चूक मोजमापातली चूक म्हणून सोडून देता येत नाही. वर्तुळं तिरकी करून, दोन कक्षा वेगवेगळ्या प्रतलांत ठेवून लोकांनी फार खटपट केली. क्रॅमर्सने १९२३ मध्ये हा हिशेब नेटाने केला, तोही खऱ्या आकड्यापाशी पोचला नाही. इलेक्ट्रॉन ठरावीक वाटेने फिरतो हे गृहीतच मुळात टिकत नव्हतं. श्रोडिंजरच्या समीकरणाने, आणि दोन इलेक्ट्रॉन एकसारखे आहेत हे लक्षात घेऊन, १९२९ मध्ये हिलेरासने हेलियमची ऊर्जा मोजलेल्या आकड्याला नेऊन भिडवली.

हेलियमने रदरफोर्डच्या सूत्रालाही असंच अडवलं, हे फार कमी जणांना माहीत असतं. अल्फा कण म्हणजे हेलियमचंच केंद्रक. तो हेलियम वायूवर सोडला की दोन तंतोतंत एकसारखे कण समोरासमोर येतात. मॉटने सांगितलं की ४५ अंशांना जुन्या हिशेबापेक्षा दुप्पट कण दिसतील आणि चॅडविकने १९३० मध्ये ते मोजून दाखवलं. तिथे बल कूलंबचंच होतं. फरक पडला तो दोन कण वेगळे ओळखता येत नाहीत म्हणून.

आता तू म्हणशील, बरं, हेलियमला चुकतं, पण हायड्रोजनला तरी बोर पूर्ण बरोबर आहे ना? ऊर्जा बरोबर आहे, तीही बारकाईने बघेपर्यंत. हायड्रोजनची लाल रेषा चांगल्या उपकरणातून पाहिली की ती एक नसून अगदी जवळजवळच्या रेषांची बनलेली दिसते. बोरच्या साध्या वर्तुळांत याला जागा नाही. त्याहून मोठी अडचण पहिल्या कक्षेत आहे. बोरच्या मते तिथे कोनीय संवेग ħ आहे. प्रत्यक्षात तो शून्य आहे. ज्या गृहीतावर सगळं मॉडेल उभं, ते पहिल्याच पायरीवर चुकतं. आणि कोनीय संवेग शून्य म्हणजे इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरतच नाही. तो चहूबाजूंना सारखा पसरलेला आहे, आणि केंद्रकाच्या जागीसुद्धा सापडू शकतो. बोरचा इलेक्ट्रॉन मात्र कायम ०.५३ अँगस्ट्रॉमवरच.

यातलं खरं कोणतं, ते कळायची एक जागा तुझ्या घराजवळ आहे. खोडदची जीएमआरटी दुर्बीण तू बघितली असशीलच. आकाशगंगेतला थंड हायड्रोजन २१ सेंटीमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे सुमारे १४२० मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी सोडतो आणि त्या लहरी तिथे पकडल्या जातात. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन दोन्ही बारीक चुंबकासारखे असतात. त्यांची दिशा एकमेकांच्या सापेक्ष उलटली की ही लहर निघते. तिची वारंवारता काढायच्या सूत्रात मुख्य गोष्ट एकच आहे: इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या जागीच सापडण्याची शक्यता किती. ती शक्यता श्रोडिंजरच्या समीकरणातून काढून घातली की १४२० च्या अगदी जवळ उत्तर येतं. बोरच्या वर्तुळात ही शक्यता शून्य आहे, तिथून हा आकडा निघतच नाही.

तेव्हा परीक्षेत ‘बोरच्या मॉडेलच्या मर्यादा’ विचारल्या तर नुसतं ‘एकापेक्षा जास्त इलेक्ट्रॉनना लागू पडत नाही’ एवढ्यावर थांबू नकोस. हायड्रोजनच्या पहिल्या पातळीचा कोनीय संवेगही ते चुकीचा देतं, हे लिही. तपासणाऱ्याला ते कळतं. आणि क्लोजेस्ट अप्रोचच्या गणिताखाली लिही: ‘केंद्रकाची त्रिज्या यापेक्षा कमी आहे.’ ‘यापेक्षा कमी’ खाली रेघ मार.

सरांना माझ्या वतीने एक विचार. वर्गात सोन्याच्या गणितानंतर लगेच अॅल्युमिनियमचं घालता येईल का? फळ्यावर दोन उत्तरं शेजारी शेजारी आली, एक केंद्रकापासून लांब आणि एक केंद्रकाला टेकलेलं, की तुझ्यासारखा प्रश्न मुलं आपणहून विचारतील.